पहिली कोरियन मालिका कुठली? (प्रेमकथा नको, सबटायटल वाचायचाही कंटाळा)

सायली_प
घरात दोन प्रेक्षक आहेत आणि दोघांच्या अडचणी वेगळ्या. बाबांना पोलिसी तपास, कोर्ट, राजकारण असलं काहीही चालतं. पण इंग्रजी सबटायटल ते सावकाश वाचतात, त्यात चष्मा वर-खाली करावा लागतो. दादा भराभर वाचतो, पण नायक-नायिका पावसात एका छत्रीखाली आले की उठून जातो. सगळ्या याद्यांमध्ये 'स्ट्रेंजर' पहिली दिसली म्हणून तीच लावली. दादा खूश. बाबा अर्ध्या भागातच म्हणाले, "कोण कुणाबद्दल बोलतंय तेच कळत नाही." आता दोघांनी मिळून बघावी अशी एकच मालिका हवी आहे. प्रेम अजिबात नसलं तर उत्तम, आणि वाचायला कमी.

नीलमोहोर
'क्रॅश लँडिंग ऑन यू' लाव ना! उत्तर कोरिया, सैनिक, सीमारेषा, सगळं आहे. प्रेम आहे, पण फार गोड आणि सभ्य. माझ्या नवऱ्यालाही आधी प्रेमकथा आवडायच्या नाहीत, याच मालिकेने त्याला वळवलं.

सायली_प
नीलमोहोर, मी बघितली आहे आणि मला आवडलीही. पण तो सोळा भागांचा प्रेमाचाच प्रवास आहे गं. दादा पहिल्या भागातच उठेल.

खडूफळा
'किंगडम' लावा. जोसन काळातले राजे आणि झोंबी. झोंबी बोलत नाहीत, त्यामुळे वाचायचं काहीच नाही. :) प्रेमबीम पण नाही.

गवाक्ष
खडूफळा, प्रेमाबाबत बरोबर आहात. वाचनाबाबत नाही. 'किंगडम'चा मोठा भाग दरबारात घडतो. राजा आजारी, युवराजाला त्याला भेटू देत नाहीत, राणीच्या पोटातल्या बाळावर तिच्या माहेरच्या घराण्याचे डाव बांधलेले. पहिल्या भागात झोंबींपेक्षा हे राजकारणच जास्त आहे आणि ते सगळं संवादातून येतं. हुद्देही जुने, त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द जड. पुढे पळापळ सुरू झाली की सोपं होतं, पण सायलीच्या बाबांना पहिलाच भाग अडणार. जमेची बाजू म्हणजे 2019 च्या पहिल्या हंगामात सहाच भाग आहेत, त्यामुळे नाहीच रुचली तर फार काही वाया जात नाही.

सायली, 'स्ट्रेंजर' का अडली ते आधी सांगतो, कारण निवड त्यावरच ठरते. मालिका अफाट चांगली आहे. मी ती पुन्हा पुन्हा बघतो. पण सबटायटलची सवय नसलेल्या माणसासाठी तिच्याइतकी अवघड सुरुवात दुसरी नाही.

एक कारण नायकाचं. ह्वांग शी-मोक हा सरकारी वकील. लहानपणी मेंदूवर झालेल्या शस्त्रक्रियेमुळे त्याच्या भावना जवळपास पुसल्या गेल्या आहेत, आणि चो सुंग-वूने तो चेहऱ्यावरची रेषही न हलवता उभा केला आहे. एरवी सबटायटलचं एखादं वाक्य निसटलं तरी नटाच्या चेहऱ्यावरून आपण उरलेलं भरून काढतो. इथे तो आधारच नाही. जे आहे ते शब्दांत आहे, आणि शब्द खाली दोन ओळींत धावतायत.

दुसरं नावांचं. पहिल्याच भागात एका व्यावसायिकाचा खून होतो. तो अनेक सरकारी वकिलांना पैसे आणि इतर सोयी पुरवायचा. म्हणजे बघणाऱ्याला लगेच आठ-दहा माणसं लक्षात ठेवायची, आणि त्यातली निम्मी त्या वेळी पडद्यावर नसतात, त्यांच्याबद्दल फक्त बोललं जातं. कोरियन ऑफिसात माणसं एकमेकांना आडनाव आणि हुद्द्याने हाक मारतात. त्यामुळे एकच माणूस एका ओळीत 'प्रॉसिक्युटर ह्वांग', दुसऱ्या ओळीत 'शी-मोक' आणि तिसऱ्या ओळीत नुसता 'तो'. बाबा "कोण कुणाबद्दल बोलतंय" म्हणाले ते अगदी नेमकं आहे. त्यांच्या वाचनाचा वेग हा खरा अडथळा नव्हता.

म्हणून पहिल्या मालिकेसाठी माझी कसोटी अशी. पहिल्या वीस मिनिटांत किती नावं लक्षात ठेवायला लागतात, आणि हजर नसलेल्या माणसांबद्दल किती बोललं जातं? हे दोन्ही कमी असेल तर सावकाश वाचणाराही टिकतो.

सायली_प
हे वाचून बाबांना दाखवलं. म्हणाले, "बघ, मी सांगत होतो." :) मग या कसोटीवर काय बसतं?

गवाक्ष
माझ्या मते 'सिग्नल'. 2016 ची, टीव्हीएन वाहिनीची, सोळा भाग. प्रसंग अगदी साधा मांडता येतो: 2015 मधला पोलीस खात्यातला एक प्रोफायलर, त्याला एक जुना वॉकीटॉकी सापडतो. आत बॅटरी नाही, तरी रात्री 11:23 ला तो सुरू होतो आणि पलीकडून पूर्वीच्या काळातला एक पोलीस बोलतो. तिसरी माणूस त्याच खात्यातली वरिष्ठ महिला अधिकारी. तिघं लक्षात ठेवले की पुरे.

वॉकीटॉकीवरचे संवाद तुकड्या-तुकड्यांचे आहेत. एक बोलतो, मग शांतता, मग दुसरा बोलतो. सावकाश वाचणाऱ्याला ती शांतता फार कामाची. गुन्हाही डोळ्यांसमोर घडलेला दाखवतात, नुसता सांगत नाहीत.

पहिली केस 2000 सालातल्या एका लहान मुलीच्या अपहरणाची. खटल्याची मुदत संपायला अगदी थोडा वेळ उरलाय आणि घड्याळ चालू आहे. ही मुदत काय भानगड आहे ते आधी सांगून ठेव, नाहीतर बाबा विचारतील की पोलीस एवढे घाबरलेत कशाला. कोरियात त्या काळच्या गुन्ह्यांना खटल्याची मुदत होती, खुनालासुद्धा, आणि खुनाची होती पंधरा वर्षांची. ती उलटली की पुरावा हातात असूनही खटला भरता येत नसे. खुनासाठीची ही मुदत 2015 मध्ये कायद्याने काढून टाकली. मालिका बरोबर त्याच काळाच्या उंबरठ्यावर उभी आहे. एवढं माहीत असलं की पहिले दोन भाग आपोआप खेचून नेतात.

राजसी
'सिग्नल'मध्ये प्रेम अजिबात नाही, दादाला बिनधास्त बसव.

मुक्तछंद
अजिबात नाही असं म्हणवत नाही, राजसी. ती महिला अधिकारी नवखी असताना त्या जुन्या पोलिसावर मनातून जीव लावून असते, आणि तो बेपत्ता झाल्यानंतर वर्षानुवर्षं त्याला शोधत राहते. पण त्यात गाणी नाहीत, रेंगाळणं नाही, बहुतेक वेळा ते शब्दांत बोललंही जात नाही. प्रेमकथा टाळणारे माझ्या माहितीतले लोक याच धाग्यावर सगळ्यात जास्त हलले आहेत. तरी आधी सांगितलेलं बरं, नाहीतर दादाला वाटेल फसवलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 'सिग्नल'मधल्या बऱ्याच केसेस बायका-मुलींवरच्या हिंसेच्या आहेत आणि त्यातली एक ह्वासोंगच्या खऱ्या खूनसत्रावरून घेतलेली आहे. ते खून 1986 ते 1991 या काळात झाले आणि मालिका आली तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. तो डीएनएवरून ओळखला गेला 2019 मध्ये. त्या केसचे भाग मला सलग बघवले नाहीत. बाबांना सोसवेल का ते सायलीनेच ठरवावं.

तिसरा_डोळा
'द ग्लोरी' कोणीच कशी सुचवली नाही? शाळेतल्या छळाचा बदला, थेट आणि सरळ. 'सिग्नल' जिने लिहिली तिचीच आहे, त्यामुळे दर्जाची खात्री.

गवाक्ष
नावांत गल्लत होते आहे. 'सिग्नल' आणि 'किंगडम' किम उन-हीच्या. 'द ग्लोरी' किम उन-सूकची. हिच्याच नावावर 'गॉब्लिन' आणि 'मिस्टर सनशाईन' आहेत, म्हणजे प्रेमकथा लिहिण्यात कोरियात जी नावं आधी घेतली जातात त्यातलं एक. 'द ग्लोरी' बदल्याची आहे हे खरं, पण त्यातही डॉक्टरचा एक हळवा धागा आहे. दादा तो सहन करेल बहुधा, पण 'प्रेम नको' या अटीत ती बसत नाही.

नावं निघालीच आहेत तर सांगतो. कोरियन मालिका सहसा एकच लेखक किंवा लेखिका पहिल्यापासून शेवटच्या भागापर्यंत लिहिते. त्यामुळे प्रेम किती असेल हे पोस्टरवरून ओळखू नका, लेखकाच्या नावावरून ओळखा. 'स्ट्रेंजर'च्या पोस्टरवर पुरुष आणि बाई दोघं आहेत, आणि सबंध मालिकेत त्यांच्यात प्रेमाचा एक प्रसंग नाही. ली सू-यॉनचं लेखन आहे ते. किम उन-हीचं नाव दिसलं की गुन्हा, पुरावा, सत्ता असंच काही असणार असं धरून चालायला हरकत नाही.

वाटसरू_77
माझी अडचण वेगळी आहे, पण इथेच विचारतो. मी मालिका लावून हातातली कामं करतो. सबटायटल असलं की मान सतत वर करावी लागते. माझ्यासारख्यासाठी डबच बरं ना? सायलीच्या बाबांनाही डबच लावून द्या, एवढी चर्चा कशाला?

सायली_प
डब लावून बघितला होता. पण कानावर एक वाक्य आणि खाली दुसरंच! बाबांचा अजून गोंधळ उडाला. मला वाटलं आमच्याच टीव्हीत काही बिघाड आहे.

मुक्तछंद
बिघाड नाही. डबचा मजकूर आणि सबटायटलचा मजकूर हे दोन वेगळे अनुवाद असतात. डब करणाऱ्याला नटाच्या ओठांच्या हालचालीत वाक्य बसवायचं असतं. सबटायटल करणाऱ्याला जागेत बसवायचं असतं. नेटफ्लिक्सचा नियम आहे, जास्तीत जास्त दोन ओळी आणि इंग्रजीत एका ओळीत 42 अक्षरं. दोघं वेगवेगळ्या ठिकाणी कात्री लावतात, म्हणून जुळत नाही.

यादीत नीट बघितलंस तर कधी कधी दोन इंग्रजी पर्याय दिसतील: `English` आणि `English [CC]`. पहिला मूळ कोरियन संवादांवरून केलेला असतो. दुसरा ऐकू न येणाऱ्यांसाठी असतो, त्यात दार आपटलं, फोन वाजला हेही लिहिलेलं असतं, आणि तो बऱ्याचदा इंग्रजी डबच्या शब्दांशी जुळवलेला असतो. 'स्क्विड गेम' आली तेव्हा अनुवादावरून जो वाद झाला, त्यातली बरीचशी तक्रार या `[CC]`बद्दल होती.

म्हणजे मूळ आवाज ऐकणार असाल तर `English`. इंग्रजी डब ऐकणार असाल तर `[CC]`, नाहीतर सबटायटल सरळ बंद. मूळ कोरियन आवाज आणि `[CC]` ही जोडी टाळाच, वाचायचं वाढतं आणि अर्थ घटतो.

वाटसरू, तुमच्यासाठी डब ठीक आहे. पण टीव्हीसाठी बनलेल्या जुन्या मालिकांना बऱ्याचदा डब नसतोच. शिवाय फोनवरचे मेसेज, चिठ्ठ्या, पाट्या डबमध्ये कोणी वाचून दाखवत नाही. तपासकथेत नेमका धागा तिथेच असतो आणि तुमची मान खाली असते.

खडूफळा
सबटायटलचा आकार मोठा करता येतो ना? माझ्या आईला करून दिला होता.

मुक्तछंद
हो, प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये सबटायटलचं रूप बदलता येतं. आकार मोठा आणि मागे काळी पट्टी. ती पट्टी आकारापेक्षा जास्त उपयोगी पडते. पांढरा शर्ट किंवा उजेडाची खिडकी मागे आली की पांढरी अक्षरं विरघळतात, पट्टी असली की नाही. फार मोठा आकार ठेवू नका, डोळ्यांना टोकापासून टोकापर्यंत जावं लागतं आणि चेहरा सुटतो.

वेग कमी करण्याचा पर्यायही असतो, पण 0.75 वर सगळे झोपेत बोलल्यासारखे वाटतात. त्यापेक्षा दहा सेकंद मागे जाण्याचं बटण बाबांच्या हातात द्या. रिमोट दुसऱ्याकडे असला की माणूस "मागे घे" म्हणायला संकोचतो, आणि मग धागा सुटला तो सुटलाच.

अरण्यरुदन
मी सगळ्यांच्या उलट सांगतो. सोळा भाग म्हणजे एकेक तासाचे सोळा. नवख्या माणसाला एवढं बांधून घालू नये. 'डी.पी.' लावा. 2021 ची, पहिल्या हंगामाचे सहाच भाग, भाग तासाच्या आतले. सैन्यातून पळून गेलेल्या जवानांना शोधून आणणारी दोघांची जोडी. बहुतेक भागांत एक पळालेला जवान, त्याचा माग, आणि तो का पळाला याचं उत्तर. नवी नावं एका वेळी एक-दोनच. दोघं रस्त्याने हिंडतात, विचारपूस करतात, पाठलाग करतात, त्यामुळे मोठमोठे संवाद कमी. ह्वांग शी-मोकच्या बरोबर उलट प्रकार: यातला कॉर्पोरल हान हो-यॉल हातवारे करत, तोंडं करत बोलतो. अर्धं वाचलं तरी अर्थ पोचतो. प्रेमकथा नाही.

गवाक्ष
अरण्यरुदन, कसोटीवर 'डी.पी.' माझ्या 'सिग्नल'पेक्षा सरस बसते, हे मान्य. पण सायली, एक इशारा दे दोघांना. विषय आहे सक्तीच्या सैन्यसेवेत वरिष्ठांकडून होणारा छळ. बराकीत एक वरिष्ठ नव्या जवानांना भिंतीकडे ढकलतो आणि त्या भिंतीतून एक खिळा बाहेर आलेला असतो. असलं दृश्य सुरुवातीलाच येतं. पहिल्याच भागात आत्महत्याही आहे. हलकी संध्याकाळ म्हणून लावायची मालिका नाही ही.

राजसी
मारामारी, खून, छळ सोडून काही नाही का कोरियात? माझे वडील असते तर दोन्ही बंद करायला लावल्या असत्या.

मुक्तछंद
आहे ना. 'हॉट स्टोव्ह लीग'. 2019 च्या डिसेंबरात सुरू झाली, सोळा भाग. सतत तळाला राहणारा एक बेसबॉल संघ, आणि हंगाम संपल्यावर त्याला सुधारायला आलेला नवा व्यवस्थापक. मैदानावरचा खेळ फार थोडा. सगळं करार, अदलाबदल, पैसे, मालकाची लुडबुड यांवर. तो आल्या आल्या संघातल्या सगळ्यात लोकप्रिय खेळाडूलाच दुसऱ्या संघाला देऊन टाकायचं ठरवतो आणि आख्ख्या कचेरीसमोर उभा राहून का ते पटवून देतो. कोर्टातल्या युक्तिवादासारखा प्रसंग आहे, सायलीच्या बाबांना आवडेलच. नायक आणि त्याच्या हाताखालची बाई शेवटपर्यंत सहकारीच राहतात.

गवाक्ष
मालिका उत्तम, पण वाचायला जास्त आहे हे सांगायला हवं. त्या पटवून देण्याच्या प्रसंगात आकडे आणि बेसबॉलचे शब्द एकामागून एक येतात.

मुक्तछंद
येतात, पण खोलीत सगळे समोर बसलेले असतात. विरोध करणारा कोण, बाजूने कोण, हे चेहऱ्यांवर दिसतं. तुमच्याच कसोटीने बघा, गैरहजर माणसांबद्दल बोलणं जवळपास नाही. आकडा निसटला तरी भांडण कळतं.

गवाक्ष
हा मुद्दा बरोबर आहे. तरी बेसबॉल अजिबात माहीत नसलेल्यासाठी मी ती दुसरी ठेवेन, पहिली नाही.

मुक्तछंद
मी पहिली ठेवेन. :)

सायली_प
बघून झालं, म्हणून लिहायला आले. काळी पट्टी लावली, आवाज कोरियन, सबटायटल साधं `English`, रिमोट बाबांकडे. आधी 'डी.पी.'चा पहिला भाग. दादाला प्रचंड आवडला, त्याने नंतर स्वतःच्या खोलीत उरलेली संपवली. बाबांना गोष्ट पूर्ण कळली, एकदाही "कोण हा?" विचारलं नाही. पण भाग संपल्यावर गप्प झाले आणि म्हणाले की चांगली आहे, मला पुढे नको.

मग 'सिग्नल'. मुदतीचं आधीच सांगून ठेवलं होतं. वॉकीटॉकीच्या प्रसंगात त्यांनी सबटायटल वाचायच्या आधीच "हा जुन्या काळातला" असं ओळखलं. काळ बदलला की चित्राचा पोतही बदलतो, शिवाय पडद्यावर साल येतं. ते साल मात्र पटकन जातं, तिथे दोनदा मागे घेतलं. चौकशीच्या खोलीत घड्याळ सरकत होतं तेव्हा चष्मा सारखा करायचंही भान नव्हतं त्यांना. दुसरा भाग त्यांनीच लावायला सांगितला.

अडलं ते पुढे. केस बदलल्यावर नवी नावं आली आणि त्यांनी वही घेतली. आडनाव, हुद्दा, कुठल्या सालातला. वही घेऊन मालिका बघणं हे माझ्या डोक्यात नव्हतं, पण ते खूश आहेत.

वाटसरू_77
वहीची कल्पना झकास. पण मग 'स्ट्रेंजर' वही घेऊन बघितली असती तरी जमलंच असतं की. म्हणजे मालिका बदलायची गरजच नव्हती.

गवाक्ष
वही जिवाला गोडी लागल्यावर निघते हो. पहिल्या अर्ध्या भागात कोणी वही घेत नाही. त्यांना गोष्टीत अडकायला 'सिग्नल'चे दोन भाग मिळाले, 'स्ट्रेंजर' एवढा अवधी देत नाही.

अरण्यरुदन
सायली, 'सिग्नल'चा शेवट सगळं मिटवत नाही, प्रश्न उघडे ठेवतो. बाबांना आधी सांगणार आहेस की नाही? तपासकथेत शेवट बांधलेला हवा असणारे लोक यावर चिडतात. माझा मित्र अजून चिडलेला आहे.

मुक्तछंद
नका सांगू. मला तो शेवट त्या मालिकेचा सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो. आधीच कळलं तर माणूस शेवटचे भाग सावधपणे बघतो.

गवाक्ष
मी सांगेन. नुसतं एवढंच, की सगळी उत्तरं मिळणार नाहीत. काय मिळणार नाही ते सांगायचं नाही.

सायली_प
यावर दादाशी बोलते. ह्वासोंगवरून घेतलेली केस सुरू झाली आहे, ते भाग आम्ही दिवसाला एकच बघतोय, मुक्तछंदने सांगितल्याप्रमाणे सलग नाही. ही संपली की 'हॉट स्टोव्ह लीग' लावणार. बेसबॉलचे नियम थोडक्यात कोणी लिहून देऊ शकेल का इथे? बाबांच्या वहीत एक पान मोकळं ठेवलं आहे.

खडूफळा
मी लिहितो. पण मालिकेत खेळापेक्षा करारच जास्त आहेत ना, मग खेळाडूंची अदलाबदल कशी होते तेच आधी लिहू का? चेंडू-फळीचं नंतर.

मुक्तछंद
हो, तेच आधी लिहा. आणि ड्राफ्ट म्हणजे नवे खेळाडू संघ कसे निवडतात, तेही घ्या. ते पुढे लागतं.